‘दोन’ म्हणजे किती?

बंगळूरच्या बेळ्ळंदूरला मराठी पेशंट शोधावे लागत नाहीत. आउटर रिंग रोडवरच्या टेक पार्कांमध्ये पुणे, नागपूर, कोल्हापूरकडची इतकी मुलंमुली आहेत की काही दिवशी ओपीडीत कन्नडपेक्षा मराठीच जास्त बोललं जातं. मी मूळची बेळगावची, त्यामुळे मला दोन्ही सारख्याच. पहिल्या भेटीत केसपेपर भरताना शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं, थायरॉइड, बीपी, साखर असं विचारत आपण ‘सवयी’ या रकान्यापाशी येतो. तिथे सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तर उत्तर त्याच देतात, “अहो डॉक्टर, आमच्यात नाही तसलं काही.” आणि सून मोबाइलमध्ये बघते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या भारतीय स्त्रियांपैकी दारू पिणाऱ्या अवघ्या १.३ टक्के निघाल्या. देशभराची सरासरी म्हणून ठीक आहे, पण सर्जापूर रोडवरच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बसलेल्याला हा आकडा पटणार नाही. शिवाय घरी येऊन सर्वांसमोर विचारलेल्या प्रश्नाला मिळणारं उत्तर कसं असतं, ते मला माझ्या टेबलावरूनच कळतं. म्हणून हा प्रश्न मी टेबलावर विचारतच नाही. वजन आणि बीपी घ्यायला बाईंना आत घेते, पडदा ओढते आणि विचारते, “प्रेग्नन्सी आहे हे कळायच्या आधी शेवटची कधी घेतली होती?” ‘घेता का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणून सुटता येतं. ‘कधी’ विचारलं की समोरची व्यक्ती तारीख आठवायला लागते, आणि मला नेमकी तारीखच हवी असते.

यातली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. तिशीतली सॉफ्टवेअर इंजिनिअर, नवराही त्याच क्षेत्रातला, दोघं साताऱ्याकडचे. २७ जानेवारीला पहिल्यांदा आली. शेवटची पाळी २ डिसेंबरची. पडद्यामागे तिने दोन तारखा सांगितल्या. ३१ डिसेंबरला मित्रमैत्रिणींबरोबर “दोन बिअर”, आणि १५ जानेवारीला टीम आउटिंगला नंदी हिल्सजवळच्या रिसॉर्टवर “दोन ग्लास वाइन”. १९ तारखेला घरी टेस्ट केली, दोन रेघा आल्या. तेव्हापासून थेंबही नाही, पण झोपही नाही. रात्र रात्र गूगल करून ती अशी घाबरली होती की बीपी दोनदा घ्यावं लागलं.

आधी तारखा लावल्या. पाळी २८ दिवसांची धरली तर गर्भ साधारण १६ डिसेंबरला राहिला असणार, म्हणजे ३१ डिसेंबरला त्याचं वय १५ दिवस. हे वय मला अजिबात आवडत नाही. तिसरा आठवडा लागताना पेशींच्या चपट्या चकतीचे थर पडायला लागतात आणि पुढे चेहरा, मेंदू, हृदय कुठे होणार याची आखणी सुरू होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कॅथलीन सुलिक यांनी गाभण उंदरिणींना गर्भाच्या नेमक्या याच टप्प्यावर दारूचे दोन डोस दिले. पुढे पिल्लांचे चेहरे पाहिले तर डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची उभी पन्हळ जवळजवळ सपाट. ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’च्या मुलांचा चेहरा असाच असतो. हे १९८१ साली प्रसिद्ध झालं. एकाच दिवसाच्या पिण्याने असा चेहरा घडू शकतो, आणि माणसाच्या बाबतीत तो दिवस पाळी चुकण्याच्या आसपासचा असतो, म्हणजे बहुतेकींना काही कळायच्या आधीचा.

पण हिची पाळी ३५-३६ दिवसांनी यायची. सोनोग्राफीत गर्भाची लांबी १० मिलिमीटर आली, म्हणजे सात आठवडे. पाळीच्या हिशोबाने आठ व्हायला हवे होते. मागे मोजत गेलं की गर्भधारणा २३ डिसेंबरच्या सुमारास. म्हणजे ३१ डिसेंबरला गर्भ आठ दिवसांचा होता आणि गर्भाशयाच्या अस्तरात जेमतेम रुजत होता. त्या टप्प्यात इजा झाली तर गर्भ सहसा टिकतच नाही, टिकला तर सावरतो, असं आम्हाला शिकवलेलं आहे. उंदरांवरच्या अलीकडच्या कामात त्याही आधीच्या दारूच्या खुणा जनुकांच्या नियंत्रणात दिसल्या आहेत, त्यामुळे हा नियम मी पूर्वीइतक्या ठामपणे सांगत नाही. तरी ३१ डिसेंबरबद्दल तिला थोडा धीर देता आला.

१५ जानेवारीचं तसं नव्हतं. तेव्हा गर्भ २३ दिवसांचा. सोनोग्राफीचा अंदाज तीन-चार दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून १९ ते २७ दिवस म्हणू. याच दिवसांत पाठीवरची खोबण मिटून तिची नळी होते, आणि त्या नळीचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. साधारण २८व्या दिवसापर्यंत ती पूर्ण बंद व्हावी लागते. तिच्या काठावरून सुटलेल्या पेशी चेहऱ्याकडे सरकतात आणि जबडा, ओठ, नाक घडवतात. दारूच्या माऱ्यात मोठ्या संख्येने मरतात त्या याच पेशी.

मग प्रमाण. माझ्या ड्रॉवरमध्ये एक मोठा वाइन ग्लास आणि प्लास्टिकचं मापाचं भांडं असतं. नर्सिंग होममध्ये यावरून माझी चेष्टा चालते. ग्लास तिच्या हातात दिला आणि म्हटलं, रिसॉर्टवर जेवढी ओतली होती तेवढं पाणी ओता. तिने ओतलं, थोडं थांबली, अजून थोडं ओतलं. भांड्यात मोजलं तर २१० मिलिलिटर. वाइनमध्ये १३ टक्के अल्कोहोल धरलं, तर एका ग्लासात साडेएकवीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. दोन ग्लासांत ४३. आपल्याकडे एक ‘ड्रिंक’ १० ग्रॅमचं धरतात, म्हणजे साध्या ३० मिलिलिटरच्या पेगइतकं. तिचे दोन ग्लास हे चार पेगांहून जास्त होते. ३१ तारखेचे बिअरचे मग ५०० मिलिलिटरचे, ५ टक्क्यांचे. म्हणजे मगामागे २० ग्रॅम, दोन मगांचे ४०. ५५ किलोच्या बाईने तीन तासांत ४० ग्रॅम घेतलं, तर रक्तात १०० मिलिलिटरमागे ७० ते ८० मिलिग्रॅम अल्कोहोल असतं. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे.

अल्कोहोलचा रेणू इतका लहान की त्याला कुठला पडदा अडवत नाही. वार तयार झाली की तासाभरात बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या जवळपास पोचते. आईचं यकृत ते पचवून बाहेर काढतं, बाळाच्या यकृतात त्यासाठीचं एन्झाइम नावापुरतंच असतं. बाळाचं अल्कोहोल कमी होतं ते मुख्यतः आईचं कमी झाल्यावर, उलटं वाहत जाऊन. मधल्या काळात गर्भजलातही ते साठतं, आणि पुढच्या महिन्यांत बाळ तेच पाणी गिळत असतं.

एव्हाना नवऱ्यालाही आत बोलावलं होतं, तिच्याच सांगण्यावरून. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला हळू आवाजात, “मॅडम, मग हे ठेवायचं की…?” तो पुरा करू दिला नाही. एवढ्या कारणासाठी गर्भपाताचा सल्ला मी देत नाही. असं एकदोनदा झालेल्या बहुतेक गर्भारपणांतून निरोगी मुलं जन्मतात. भीतीपोटी गोळ्या मागायला येणारी जोडपी मी पाहिली आहेत. ‘एक घोट घेतला की बाळ बिघडतं’ असं ओरडून सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला राग येतो तो यामुळेच.

दुसरा प्रश्न इंजिनिअरचा. त्याच्या चुलत बहिणीचं बाळंतपण २०१४ साली लंडनला झालं. पहिले तीन महिने टाळा, पुढे आठवड्यातून एकदोनदा छोटा ग्लास चालेल, असं तिला तिथल्या अधिकृत माहितीतच वाचायला मिळालं होतं. “मग नेमका आकडा काय? शून्य हा आकडा आला कुठून?”

प्रश्न रास्त होता. ब्रिटनने तो सल्ला २०१६ साली बदलला आणि गरोदरपणात अजिबात नको असं म्हटलं. पण थोड्याशा वाइनने होणारं नुकसान त्या वर्षी कुणी सिद्ध केलं होतं असं नाही. सुरक्षित मर्यादा आखायला लागणारा पुरावाच नाही, एवढंच मान्य केलं गेलं. ‘थोडीही घातक असल्याचं सिद्ध झालंय’ आणि ‘किती चालते ते ठरवता आलेलं नाही’ या दोन गोष्टी पेशंटपुढे वेगळ्या ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं. भरपूर दारूचं नुकसान निर्विवाद आहे. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमोआन यांनी १९६८ साली १२७ मुलांच्या नोंदी मांडल्या, १९७३ साली सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी त्या आजाराला नाव दिलं. पण ती दारूत बुडालेल्या आयांची मुलं होती. तिथून खाली येत येत, एका ग्लासापाशी, रेघ कुठे मारायची?

लोहाच्या गोळीची मात्रा ठरवायची तर बायकांचे गट पाडून वेगवेगळे डोस देता येतात. दारूच्या बाबतीत असा प्रयोग कुणी करणार नाही आणि करूही नये. उरतं ते आपापल्या मर्जीने पिणाऱ्या बायकांना विचारणं आणि त्यांची मुलं पाहणं. त्यात पहिली अडचण माझ्या ड्रॉवरमधल्या ग्लासाची. ‘दोन’ म्हणजे कुणाचे २० ग्रॅम, कुणाचे ४३. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. ब्रिटनमध्ये २०००च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या अभ्यासात, पाच वर्षांची झाल्यावर, थोडीशी पिणाऱ्या आयांची मुलं अजिबात न पिणाऱ्यांच्या मुलांहून मागे नव्हती, काही बाबतींत किंचित पुढेच होती. पण वाइनने मुलं हुशार होत नसतात. तिथे मोजून एखादा ग्लास घेणारी बाई सहसा शिकलेली, बरा पगार असलेली, घरात पुस्तकं असलेली असते, आणि त्याचा फायदा मुलाला मिळतो. हे वाचताना मला बेळ्ळंदूरच दिसतं. आमच्याकडच्या वीकेंडला घेणाऱ्या मुलींची मुलं चांगल्या प्लेस्कूलमध्ये जातील, बोलायला उशीर झाला तर महिन्याभरात स्पीच थेरपिस्टकडे पोचतील. दारूने बुद्धीतून दोनचार गुण नेले असतील, तर एवढ्या सुबत्तेत ते कुणाला दिसणार?

ही सुबत्ता बाजूला काढायची एक युक्ती ब्रिस्टलच्या संशोधकांनी केली. दारू पचवणाऱ्या एन्झाइमची जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात, आणि कुणाच्या वाट्याला कुठली येतात याचा पगाराशी किंवा शिक्षणाशी संबंध नसतो. चार हजारांहून जास्त मुलांची जनुकं आणि आठव्या वर्षीची बुद्धिमापन चाचणी त्यांनी ताडून पाहिली. २०१२ साली निष्कर्ष आले. आई गरोदरपणी आठवड्याला एक ते सहा ब्रिटिश युनिट, म्हणजे ८ ते ४८ ग्रॅम घेणारी असेल, तर मुलाकडे विशिष्ट चार प्रकारची जनुकं जितकी जास्त तितके चाचणीतले गुण कमी. न पिणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये याच जनुकांनी काही फरक पडत नव्हता. म्हणजे जनुकं बुद्धीची नव्हती, ती दारू सोसण्याची होती. फरक थोडाच होता, आणि एकाच अभ्यासावर सगळा भार टाकू नये हे मला कळतं. पण ‘थोडी’ या पट्ट्यात परिस्थितीच्या पलीकडचं काहीतरी घडतं, याची एवढी स्वच्छ खूण मी दुसरी पाहिलेली नाही.

नवऱ्याला मी म्हटलं ते असं : तुम्ही आकडा आईसाठी विचारताय, पण तो आईपुरता नाहीच. तीच मात्रा, तोच दिवस, पण एका बाळाचे एन्झाइम एक असतात, दुसऱ्याचे दुसरे. वेगवेगळ्या बीजांची जुळी एकाच पोटात, एकाच दारूत वाढलेली असूनही एकाला जबर इजा आणि दुसऱ्याला सौम्य, अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. एकाच बीजाच्या जुळ्यांमध्ये मात्र निदान सारखंच निघताना दिसलंय. आईचं वजन, तिचं पोषण, उपाशीपोटी घेतली की जेवून, एकदम की सावकाश, त्या दिवशी मेंदूचा कुठला भाग घडत होता, हे सगळं त्यात मिसळतं. मेंदू तर नऊही महिने घडत असतो, त्यामुळे ‘तीन महिन्यांनंतर चालेल’ यालाही आधार उरत नाही. एवढ्या गोष्टी माहीत नसताना सगळ्यांना लागू होईल असा आकडा काढता येत नाही. “म्हणजे इनपुटच अर्धे गायब आहेत,” तो म्हणाला. त्याच्या भाषेत बरोबर होतं.

शून्य सांगितल्यावर ते शून्य नेमकं कुठवर, हा प्रश्न मराठी घरांत वेगळ्याच दारातून येतो. पंधरा दिवसांनी साताऱ्याहून सासूबाई आल्या. सुनेच्या बिअरची त्यांना कल्पना नव्हती आणि मीही दिली नाही. त्यांच्या पिशवीत द्राक्षासवाची बाटली होती, भूक लागत नाही म्हणून. शिवाय “खोकला झाला की दोन चमचे ब्रँडी गरम पाण्यातून देते, तिला काही होत नाही.” दारूला नाक मुरडणाऱ्या घरात ब्रँडी औषधाच्या कपाटात असते, त्यामुळे ती दारूत धरलीच जात नाही. दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर, सुमारे साडेतीन ग्रॅम अल्कोहोल. आसव-अरिष्टांमध्ये आंबवताना आपोआप अल्कोहोल तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. लेबलवर ते बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. मी बाटली फिरवून त्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “अगबाई, ही दारूच की!” दारू म्हणता येणार नाही, दिवसाला चार चमचे घेतलं तरी फार तर दीड ग्रॅम. पण भुकेसाठी दुसरे उपाय असताना हे कशाला? ब्रँडीऐवजी गरम पाण्याच्या गुळण्या आणि मध सांगितलं. बाटली त्यांनी परत नेली, बहुधा स्वतःसाठी.

याच लेबलांवरून एक सांगते. आपल्याकडे दारूच्या बाटलीवर ‘आरोग्यास हानिकारक’ आणि ‘पिऊन गाडी चालवू नका’ एवढंच सक्तीचं आहे. गरोदर स्त्रीसाठी त्यात अक्षर नाही. अमेरिकेत ती सूचना १९८९ पासून छापली जाते.

रोज घेणाऱ्या बाईची गोष्ट मात्र निराळी, तिला मी ‘आजच बंद’ असं सांगत नाही. सकाळी हात कापतात, घाम फुटतो, घेतल्याशिवाय चैन पडत नाही असं असेल, तर अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते, आणि ती आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतते. तिला भरती करून औषधांच्या आधाराने उतरवावं लागतं. अशांना मी निम्हान्सला पाठवते. बेळ्ळंदूरच्या चकचकीत टॉवरमध्येही अशा दोघी-तिघी भेटल्या, आणि दोष देणाऱ्या सुरात विचारलं असतं तर एकीनेही सांगितलं नसतं.

आमच्या साताऱ्याच्या जोडप्याचं पुढे रीतसर चाललं. फॉलिक ॲसिड सुरूच होतं. ते दारूवरचा उतारा नव्हे, हेही सांगावं लागलं. एकोणिसाव्या आठवड्यातल्या ॲनॉमली स्कॅनमध्ये पाठीचा कणा मिटलेला, हृदयाचे चारही कप्पे नीट, वरचा ओठ सलग. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, “म्हणजे काही झालं नाही?” स्कॅनमध्ये मेंदूची बांधणी दिसते, कामकाज दिसत नाही. लक्ष टिकणं, राग आवरणं, हातचा घेऊन बेरीज करणं, दोन सूचना एकदम लक्षात ठेवणं, हे शाळेच्या वयातच कळतं. दारूने इजा झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा अगदी नेहमीसारखा असतो, त्यामुळे चेहऱ्यावरूनही ओळखता येत नाही. तेव्हा जे दिसलं ते चांगलं दिसलं, एवढंच म्हणता आलं.

एका बाबतीत मात्र आमची थोडी ओढाताण झाली. केसपेपरवर मी ‘सोशल ड्रिंकर’ असं कधीच लिहीत नाही, त्यातून कुणाला काही कळत नाही. तिच्या कागदावर लिहिलं होतं : ‘गर्भवय ८ दिवस, बिअर, सुमारे ४० ग्रॅम, तीन तासांत. गर्भवय २३ दिवस (±४), वाइन, सुमारे ४३ ग्रॅम, जेवणासोबत. त्यानंतर नाही.’ फाइल पेशंटकडेच राहते, आणि घरात सासूबाई. नवरा म्हणाला, हे काढता येईल का? कारण सांगितलं. उद्या सातव्या वर्षी मुलाचं वर्गात लक्ष लागत नाही म्हणून कुणी बालरोगतज्ज्ञाकडे नेलं, तर आईने नेमकं कधी आणि किती घेतलं होतं हे तेव्हा कुणालाच आठवणार नाही. चेहऱ्यावर खुणा नसलेल्या मुलाचं निदान या माहितीशिवाय करता येत नाही, मग मूल आळशी किंवा हट्टी ठरतं. आणि बाकी सगळं ठीक असेल, तर याच नोंदीच्या आधारे डॉक्टर हे कारण बाजूला ठेवून दुसरीकडे शोधतील. शेवटी तिनेच मधला मार्ग काढला. ती ओळ वेगळ्या कागदावर, माझ्या सहीशिक्क्यासह घेतली आणि स्कॅन करून आपल्या ईमेलवर ठेवली. मूळ नोंद आमच्या दफ्तरात राहिली.

सप्टेंबरमध्ये मुलगी झाली. वजन २.९ किलो, डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटर, नाकाखालची पन्हळ छान खोल. बालरोगतज्ज्ञांना तो कागद तिने स्वतःहून दाखवला. त्यांनी लसीकरणाच्या वहीत नऊ महिने, दीड वर्ष आणि अडीच वर्ष या भेटींसमोर ‘विकास तपासणी’ लिहून दिलं, आणि पाचव्या वर्षी शाळेआधी एकदा सविस्तर. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला तेव्हा तिचा मला फोन आला : टेस्टची वाट न बघता गर्भनिरोधक थांबवतानाच बंद करायची ना? मी म्हटलं, हो, आणि द्राक्षासवही.